‘अमेरिकन ट्विस्ट’ ते किक सर्व्हिस: चेंडू खांद्यापर्यंत का उसळतो

ऑगस्ट १९०० मध्ये ब्रिटनचे तीन टेनिसपटू बोटीने अमेरिकेला गेले: आर्थर गोर, अर्नेस्ट ब्लॅक आणि हर्बर्ट रोपर बॅरेट. बोस्टनजवळच्या लाँगवूड क्रिकेट क्लबवर त्यांना एका नव्या चषकासाठी खेळायचं होतं. पुढे हाच डेव्हिस कप म्हणून ओळखला गेला. ब्रिटिशांना वाटत होतं, काम सोपं आहे. परतताना मात्र पदरात ०-३ असा पराभव होता. रोपर बॅरेटने नंतर गवत वाढलेलं, जाळी ढिली, चेंडू मऊ अशा तक्रारी केल्या. पण खरा राग होता तो अमेरिकनांच्या सर्व्हिसवर. मऊ चेंडू त्या फिरकीने आला की जिवंत झालेल्या आलुबुखारासारखा अंगावर येतो, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. हवेत एकीकडे वळायचा, टप्पा पडला की चार-पाच फूट दुसरीकडे जायचा.

ही सर्व्हिस करणारे दोघे हार्वर्डचे: होल्कोम वॉर्ड आणि ड्वाइट डेव्हिस. चषक दिला तोच डेव्हिस. वॉर्ड उजव्या हाताचा, डेव्हिस डावखुरा, त्यामुळे दुहेरीत एकाचा चेंडू टप्प्यानंतर एका बाजूला उडायचा आणि दुसऱ्याचा विरुद्ध बाजूला. दुहेरीचा सामना त्यांनी सरळ सेटमध्ये घेतला. या सर्व्हिसला नाव पडलं ‘अमेरिकन ट्विस्ट’. आज आपण जिला किक म्हणतो ती याच घराण्यातली.

फिरणारा चेंडू वळतो हे तोपर्यंत नवीन राहिलं नव्हतं. न्यूटनने १६७२ मध्येच प्रकाशाविषयी लिहिताना रॅकेट तिरकी लागलेल्या टेनिसच्या चेंडूचं उदाहरण दिलं होतं. जर्मनीत माग्नुसने १८५० च्या दशकात फिरणाऱ्या वस्तूंवर प्रयोग केले आणि या परिणामाला त्याचंच नाव चिकटलं. लॉर्ड रॅले याने तर टेनिसच्या चेंडूच्या वाकड्या वाटेवर स्वतंत्र निबंधच लिहिला, १८७७ मध्ये. विम्बल्डनची पहिली स्पर्धाही त्याच वर्षीची. म्हणजे शास्त्र आधीच तयार होतं, फक्त ते सर्व्हिसमध्ये कोणी पूर्ण वापरलं नव्हतं.

आता नावांचा गोंधळ. क्लबांत ‘टॉपस्पिन सर्व्हिस’ आणि ‘किक’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, आणि टीव्हीवरचे समालोचकही त्याला अपवाद नाहीत. पण फरक आहे, आणि तो रॅकेट चेंडूच्या पाठीवर कोणत्या रेषेत घासली जाते यात आहे. सर्व्ह करणाऱ्याला समोर हवेत दिसणारा चेंडू म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. उजव्या हाताचा खेळाडू रॅकेट साधारण सातवरून एककडे नेतो तेव्हा फिरकी बहुतेक सगळी पुढे लोळणारी असते. चाक जसं रस्त्यावरून पुढे जातं तसा चेंडू फिरतो. ही टॉपस्पिन सर्व्हिस. किकमध्ये टॉस डोक्याच्या आणखी डावीकडे, किंचित मागे जातो, पाठ जास्त वाकते आणि रॅकेट आठवरून दोनकडे, म्हणजे डावीकडून उजवीकडे चढत जाते. इथे फिरकीचा अक्ष तिरका होतो. जुना अमेरिकन ट्विस्ट या तिरकेपणाचं टोकाचं रूप होतं. आजची किक त्यापेक्षा जास्त उभी, टॉपस्पिनकडे झुकलेली असते.

या तिरकेपणाचं काय होतं ते टेनिसपेक्षा क्रिकेटवाल्याला लवकर समजेल. उजव्या हाताचा ऑफस्पिनर डोळ्यांसमोर आणा. त्याचा चांगला चेंडू हवेत त्याच्या डावीकडे, म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर, तरंगत जातो आणि टप्प्यानंतर उलट आत येतो. किकचंही नेमकं हेच. हवेत सर्व्ह करणाऱ्याच्या डावीकडे वळते आणि पडल्यावर त्याच्या उजवीकडे उडी घेते. समोरचा उजव्या हाताचा असेल तर ही उडी थेट त्याच्या बॅकहँडच्या बाहेर.

टप्प्यावर दिशा बदलायचं कारणही ऑफस्पिनचंच आहे. भोवरा आठवा. उभ्या आरीवर फिरणारा भोवरा जमीन कोणत्याही एका बाजूला ढकलत नाही. तसंच चेंडूच्या फिरकीचा जो भाग उभ्या अक्षाभोवती असतो तो हवेत वळवतो, पण टप्प्यावर जवळजवळ काहीच करत नाही. बाजूला उडवतो तो भाग ज्याचा अक्ष चेंडूच्या प्रवासाच्या दिशेत पडतो, बंदुकीच्या गोळीसारखा. रॅकेट नुसती आडवी ओढली तर हा भाग येत नाही, मग चेंडू हवेत वळतो आणि पडल्यावर सरळ निघून जातो. नवशिक्यांची ‘किक’ बहुतेक वेळा अशीच असते.

उंच उसळीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे एक गैरसमज फार घट्ट बसला आहे. लोक म्हणतात, टॉपस्पिन जमिनीला ‘पकडते’ आणि चेंडूला वर फेकते. उंचीचा मोठा हिस्सा तसा येत नाही. तो येतो चेंडू किती जोरात खाली आपटला त्यातून. हिशेब ढोबळ आहे, पण करून पाहण्यासारखा आहे.

समजा, सर्व्हिसचा वेग ताशी १३० किलोमीटर आहे, व्यावसायिक खेळाडूच्या दुसऱ्या सर्व्हिसला शोभेल इतका. रॅकेट चेंडूला जमिनीपासून सुमारे पावणेतीन मीटरवर भेटते. फिरकी नसेल तर हा चेंडू सर्व्हिस बॉक्समध्ये बसवण्यासाठी सुरुवातीलाच थोडा खाली मारावा लागतो, आणि तो नेटच्या फूट-दीड फूट वरून जातो. खाली पडताना त्याचा उभा वेग सेकंदाला साधारण ७ मीटर भरतो. आता त्याच वेगाने किक घ्या, मिनिटाला ४००० फेऱ्यांची. चेंडूचं वजन जेमतेम ५८ ग्रॅम. इतक्या फिरकीने हवा त्याला खाली ओढते ती ओढ चेंडूच्या वजनाच्या तीन चतुर्थांश तरी असते, म्हणजे गुरुत्वाकर्षण जवळपास पावणेदोन पट झाल्यासारखं. म्हणून चेंडू खाली मारावाच लागत नाही. तो आडवा, कधी किंचित वरच मारायचा, नेटच्या दोन-अडीच फूट वरून न्यायचा, आणि तरीही तो बॉक्समध्ये कोसळतो. हवेचा रोध वजा केला तरी पडतानाचा उभा वेग सेकंदाला ९ मीटरच्या आसपास निघतो.

सात आणि नऊ, फरक छोटा वाटतो. पण उसळीची उंची वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. चेंडूच्या अधिकृत चाचणीत तो २५४ सेंटीमीटरवरून काँक्रीटवर सोडतात आणि तो १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे असा नियम आहे, म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त. सेकंदाला ७ मीटरने पडणारा चेंडू जणू या चाचणीतलाच, अडीच मीटरवरून सोडलेला. नऊने पडणारा मात्र चार मीटरहून जास्त उंचीवरून सोडल्यासारखा. त्याची उसळी दोन मीटरच्या वर जायला हवी. तेवढी जात नाही, कारण टप्प्यानंतरही चेंडू पुढे लोळत फिरत असतो आणि हवा त्याला पुन्हा खाली दाबते. तरीही बेसलाइनवर उभ्या असलेल्या खेळाडूच्या खांद्याशी, बुटक्याच्या तर कानाशी, तो येऊन पोचतो. एकहाती बॅकहँडवाल्याला हीच जागा सगळ्यांत नकोशी.

टप्प्यानंतर किक ‘वेग पकडते’ असंही ऐकू येतं. तसं होत नाही. चार हजार फेऱ्यांवर चेंडूचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे १४ मीटरने फिरतो आणि चेंडू स्वतः त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे जात असतो. त्यामुळे जमिनीवर तो घसरतोच आणि मंदावतो. फिरकी नसलेल्या चेंडूपेक्षा कमी मंदावतो, इतकंच, आणि समोरच्याला तो धावून आल्यासारखा वाटतो.

हे गणित कळलं की पुढचा इतिहास सरळ उलगडतो. नेटवरून जास्त अंतर मिळतं आणि तरी चेंडू आत पडतो, म्हणून किक दुसऱ्या सर्व्हिसची झाली. १९३० च्या दशकात जर्मनीचा गॉटफ्रीड फॉन क्राम दुसऱ्या सर्व्हिसवरच्या अशा उसळीसाठी ओळखला जायचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टेफान एडबर्गने तीच पहिल्या सर्व्हिसवरही वापरली, आणि तिथे संथपणा हाच फायदा ठरला. चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, तेवढ्यात एडबर्ग नेटजवळ आलेला असायचा, आणि समोरच्याचा परतीचा फटका खांद्यावरून मारलेला, दुबळा. पॅट राफ्टरने १९९७ आणि १९९८ मध्ये यूएस ओपन जिंकलं ते याच सर्व्हिस-व्हॉलीवर. २०११ मध्ये त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला ६-२, ६-३ हरवणारी सॅम स्टोसर ही महिला टेनिसमधल्या किकचं ठळक नाव. मधल्या काळात रॅकेटचं डोकं लाकडी जमान्याच्या जवळपास दीडपट झालं आणि १९९० च्या दशकाअखेर पॉलिएस्टरच्या तारा आल्या. घासताना या तारा बाजूला सरकतात आणि झटक्याने जागेवर येतात, त्यामुळे फिरकी वाढते. वॉर्ड-डेव्हिसने लहान लाकडी रॅकेटने काय मेहनत घेतली असेल याची कल्पना येते.

या मेहनतीची किंमत कंबर मोजते. पाठ मागे वाकवून, वळून, पुन्हा झटक्याने सरळ होताना कमरेच्या मणक्यांवर ताण येतो आणि वाढत्या वयातल्या मुलांत तिथल्या हाडाला तडा जाऊ शकतो. म्हणून समंजस कोच लहान मुलांना आधी कमी वाकणारी टॉपस्पिन सर्व्हिस देतात, तिरकी किक नंतर.

चुकतं कुठे, ते चेंडूच सांगतो. नेटमध्ये जात असेल तर रॅकेट वर न जाता पुढे जाते आहे. फ्रेमचा ठक् आवाज येत असेल तर टॉस फार मागे आहे, किंवा ग्रिप कॉन्टिनेंटलवरून, म्हणजे हातोडी धरतात तशा पकडीवरून, सुटून फोरहँडकडे सरकली आहे. चेंडू आत पडतो पण बॉक्सच्या मध्यावर कमरेइतकाच उसळून ‘बसतो’, तेव्हा फिरकी आहे पण हाताचा वेग नाही. घाबरून दुसरी सर्व्हिस हळू मारणाऱ्यांचं हेच होतं. ताकद तेवढीच लागते, फक्त ती पुढे न जाता वर जाते.

आमच्या कोर्टवर एक कोच मुलांना गुडघ्यांवर बसवून सर्व्ह करायला लावायचे. त्या उंचीवरून चेंडू खाली मारला तर नेट पार होतच नाही, वर घासावाच लागतो. मग पलीकडच्या कुंपणाच्या जाळीवर त्यांनी खडूने एक रेघ ओढली होती, साधारण छातीच्या उंचीची. मुलं उभी राहून सर्व्ह करायची, पलीकडे कोणी परतवायला नसायचं. चेंडू टप्पा घेऊन थेट जाळीवर रेघेच्या वर आदळला तर किक, खाली आदळला तर पुन्हा गुडघ्यांवर.