क्लिक स्वस्त, म्हणजे जाहिरात यशस्वी?

"प्रति क्लिक खर्च जितका कमी, तितकी जाहिरात चांगली."

नाही. समजा, ऑनलाइन जाहिरातीवर १०,००० रुपयांत २० रुपयांचे ५०० क्लिक आले, १० ऑर्डरी मिळाल्या. मग क्लिक ४ रुपयांवर आणला: २,५०० क्लिक, ऑर्डरी ४. एका ऑर्डरचा खर्च हजारावरून अडीच हजार! रिपोर्ट मात्र झकास दिसतो.

'क्लिक' हे लक्ष्य दिलं की जाहिरात दाखवणारी यंत्रणा ग्राहक शोधत नाही, स्वस्तात क्लिक करणारे शोधते. त्यात गेम खेळताना चुकून बोट लागलेलेही आले. मोजमापालाच लक्ष्य केलं की ते बिघडतं, हा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५च्या निरीक्षणातून आलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो.

क्लिक आणि प्रत्यक्ष पान उघडणारे यांतली तफावत वाढली, की समजायचं, गळती सुरू झाली. ऑर्डरी पुरेशा असतील तर लक्ष्य 'खरेदी' ठेवा. क्लिक महागेल, महागू द्या.