मुलाला ताप आला, शाळा बुडली : वर्गशिक्षकांना रजेचा अर्ज कसा लिहावा

पाऊस उघडला की आपल्याकडे घरोघरी तापाचे पेशंट सुरू होतात, आणि शाळेत पोट्ट्यांचे अर्ज. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी या अर्जाला छापील फॉर्म, तिकीट, स्टॅम्प पेपर काही लागत नाही. वहीचा एक कोरा कागद पुरतो. झेरॉक्सच्या दुकानात कोणी पैसे घेऊन 'फॉर्म' देत असेल, तर तो घेऊ नका.

अर्ज पालकाने करायचा. आई-वडील कामासाठी बाहेरगावी असतील आणि पोरगं आजीजवळ राहत असेल, तर आजीने करावा आणि सहीखाली नातं लिहावं. सही येत नसेल तर अंगठा चालतो. फक्त अंगठ्याशेजारी नाव लिहून घ्या. मजकूर मुलानेच लिहिला तरी हरकत नाही, सही मात्र त्याची नको.

यवतमाळ जिल्ह्यातल्या चौथीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. शुक्रवारी रात्री अंग तापलं, बुधवारी ती शाळेत परतली.

दि. 17 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. वर्गशिक्षिका, इयत्ता 4 थी,
जि. प. प्राथमिक शाळा, ________, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

विषय : तापामुळे तीन दिवस गैरहजर राहिल्याबाबत.

महोदया,
माझी मुलगी कु. ________ (हजेरी क्र. ____) हिला शुक्रवार, दि. 12 रोजी रात्री ताप आला. त्यामुळे ती शनिवार दि. 13, सोमवार दि. 15 व मंगळवार दि. 16 सप्टेंबर या दिवशी शाळेत येऊ शकली नाही. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले. रक्त तपासणीत मलेरिया निघाला नाही. सोमवार रात्रीपासून गोळी न देताही ताप आलेला नाही, पण अशक्तपणा आहे. तरी तिची तीन दिवसांची रजा मंजूर करावी. सोमवारची गणिताची चाचणी राहिली आहे, ती नंतर घ्यावी व हा आठवडा तिला खेळाच्या तासाला बसवून ठेवावे, ही विनंती.

सोबत : केसपेपरची झेरॉक्स.

आपला विश्वासू,
(सही, नाव, मोबाईल नंबर)

यात तारखा सर्वांत महत्त्वाच्या. 'दोन-तीन दिवस बिमार होती' एवढंच लिहिलं, तर मॅडमना हजेरीपटाशी ताळा घालता येत नाही. मधला रविवार मोजायचा नाही. शनिवारची सकाळची शाळा मात्र मोजायची, तीच बहुतेकांच्या अर्जातून सुटते. चाचणीचा उल्लेखही आत्ताच करा. महिनाभराने गुणपत्रकात जागा रिकामी दिसल्यावर सांगत बसणं अवघड जातं.

ताप उतरायच्या आत अर्ज द्यायचा असेल, तर 'रजा मिळण्याबाबत' असा विषय लिहा आणि परत यायची तारीख अंदाजे द्या. शेजारच्या पोराच्या हाती पाठवला तरी चालतो. व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा तर वर्गाच्या ग्रुपवर नको, शिक्षकांना वेगळा पाठवा. मुलीच्या तब्येतीचा कागद साऱ्या गावाने कशाला वाचावा?

दोन-तीन दिवसांच्या तापाला डॉक्टरचं प्रमाणपत्र सहसा मागत नाहीत. आरोग्य केंद्राचा केसपेपर किंवा खासगी दवाखान्याची चिठ्ठी पुरते. झेरॉक्स जोडा, मूळ कागद घरी ठेवा, कारण ताप उलटला तर डॉक्टर तोच मागतात. घरगुती औषधावर ताप गेला असेल तर तसंच लिहा, खोटी चिठ्ठी आणू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र 'ताप' हे कारण शिक्षक जरा संशयानेच वाचतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही. त्या दिवसांत कागद जोडलेला बरा.

डेंग्यू, गोवर, कांजण्या असं काही निघालं तर ते नाव लपवू नका. डेंग्यू कळला तर शाळेतल्या टाक्या आणि साचलेलं पाणी बघता येतं. गोवर-कांजण्या पसरतात, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर मूल घरीच ठेवावं लागतं.

एक गैरसमज नेहमीचा : अर्ज दिला म्हणजे हजेरी लागते. तसं होत नाही. शालेय पोषण आहाराचा आकडा त्या दिवशी हजर असलेल्या मुलांवरूनच जातो, त्यामुळे शिक्षकांनी मागून हजेरी भरायची म्हटली तर तो हिशेब जुळत नाही. दिवस गैरहजेरीचाच राहतो. अर्जामुळे त्याचं कारण नोंदीला लागतं. पण तीन दिवसांच्या तापाने नाव कापलं जाईल ही भीती नको. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दहावी-बारावीचं वेगळं. तिथे बोर्डाची 75 टक्के हजेरीची अट आहे, म्हणून टायफॉइडसारखं लांबलेलं दुखणं असेल तर अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, डॉक्टरच्या प्रमाणपत्रासह द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या.