क्रिएटिन, स्नायूंचे पेटके आणि निर्जलीकरण

क्रिएटिन हे ताकद वाढवण्यासाठी घेतले जाणारे पूरक घेतल्याने स्नायूंत पेटके येतात आणि शरीरातले पाणी कमी होते, ही खेळाडूंमध्ये खोलवर रुजलेली भीती आहे. खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत तिला आधार मिळालेला नाही.

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. क्रिएटिन स्नायूपेशीत साठते तेव्हा सोबत पाणीही आत खेचते. सुरुवातीच्या जादा मात्रेच्या आठवड्यात वजन अर्ध्या ते एक किलोने वाढते, ते प्रामुख्याने याच पाण्यामुळे. त्यावरून तर्क निघाला: पाणी स्नायूत अडकले, म्हणजे रक्ताला आणि घामाला कमी पडणार. प्रत्यक्षात शरीरातले एकूण पाणीच वाढते. आपण पाणी पीत असतो आणि मूत्रपिंडे त्याचा हिशेब जुळवून घेतात.

1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवताना दगावले, तेव्हा क्रिएटिनवरही संशय घेतला गेला. तपासात दिसले ते असे: घाम बाहेर पडू न देणारे पोशाख, उष्ण जागेत जोरदार व्यायाम आणि पाणी जवळजवळ बंद. मृत्यूचे कारण समजण्यासाठी एवढे पुरेसे होते. पुढे 1999 च्या एका सर्वेक्षणात क्रिएटिन घेणाऱ्या 52 खेळाडूंपैकी 13 जणांनी पेटके आल्याचे सांगितले. हा आकडा अजूनही पुराव्यासारखा वापरला जातो. पण त्यात क्रिएटिन न घेणारा गटच नव्हता. कठोर सराव करणाऱ्या 52 जणांत पेटके एरवीही येतातच, मग जास्त आले हे कशाच्या तुलनेत म्हणायचे?

ही उणीव अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल खेळाडूंवरील अभ्यासांनी भरून काढली. ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 72 खेळाडूंपैकी 38 जणांनी, म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक जणांनी, स्वेच्छेने क्रिएटिन घेतले. मात्रा होती पहिले पाच दिवस शरीराच्या दर किलो वजनामागे 0.3 ग्रॅम आणि नंतर 115 दिवस 0.03 ग्रॅम. 80 किलोच्या खेळाडूसाठी हे आधी रोज 24 ग्रॅम, नंतर अडीच ग्रॅमच्या आसपास होते. पेटके, उष्णतेचा त्रास किंवा निर्जलीकरण आणि स्नायू ताणले जाणे हे सगळे क्रिएटिन घेणाऱ्यांत कमी आढळले. याच संशोधकांनी 1998 ते 2000 या तीन हंगामांच्या नोंदीही तपासल्या. पेटक्यांच्या 96 प्रसंगांपैकी 37 आणि उष्णता वा निर्जलीकरणाच्या 28 प्रसंगांपैकी 8 क्रिएटिन घेणाऱ्यांचे होते. एकूण दुखापतींतला त्यांचा वाटा संघातल्या त्यांच्या प्रमाणाइतका किंवा त्याहून कमी निघाला.

यावरून ‘क्रिएटिन पेटके टाळते’ असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. कोणी काय घ्यायचे ते खेळाडूंनी स्वतः ठरवले आणि आपण काय घेतो हे त्यांना ठाऊक होते. ज्यांना पूर्वीपासून पेटके येत होते त्यांनीच क्रिएटिन टाळले असेल, तर निकाल आपोआप क्रिएटिनच्या बाजूने झुकतो.

म्हणून 2006 चा वॉटसन आणि सहकाऱ्यांचा छोटा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. त्यात 12 पुरुषांनी एकदा सात दिवस रोज 21.6 ग्रॅम क्रिएटिन आणि एकदा तसेच दिसणारे निष्क्रिय चूर्ण घेतले. कोणत्या वेळी काय दिले, हे ना त्यांना ठाऊक होते ना मोजणाऱ्यांना. मग मुद्दाम शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के पाणी कमी करून त्यांना 33.5 अंश सेल्सियसच्या खोलीत 80 मिनिटे व्यायाम करायला लावले. भीती खरी असती तर ती इथेच दिसायला हवी होती. शरीराचे तापमान, हृदयाचे ठोके आणि उष्णतेच्या त्रासाची लक्षणे यांत दोन्ही वेळा फरक पडला नाही. माणसे थोडी आणि मुदत एका आठवड्याची, ही या प्रयोगाची मर्यादा.

पेटका येतो तेव्हा पोटरीत घट्ट गोळा धरतो, आणि पाऊल आपल्याकडे ओढून ताण दिला की बहुधा काही क्षणांत सुटतो. पाणी न पिताही तो सुटतो, म्हणून थकलेल्या स्नायूवरचे मज्जातंतूंचे नियंत्रण बिघडणे हे कारण आज अनेक अभ्यासकांना अधिक पटते. तीव्र श्रमानंतर स्नायू सुजून दुखत असतील आणि लघवी गडद तपकिरी झाली असेल, तर तो साधा पेटका समजू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे.

पाणी खरोखर कमी होण्याचे दोन मार्ग मात्र उरतात. एकाच वेळी मोठी मात्रा घेतल्याने काहींना जुलाब होतात. मात्रा दिवसभरात विभागली किंवा जादा मात्रेचा आठवडा गाळून रोज 3 ते 5 ग्रॅमच घेतले की हा त्रास सहसा टळतो. दुसरा मार्ग वजनगटात खेळणाऱ्यांचा. क्रिएटिनने वाढलेला एखादा किलो वजनकाट्याआधी घाम गाळून आणि पाणी तोडून उतरवायला गेले, तर 1997 मध्ये ज्याने जीव घेतले तीच वाट पुन्हा धरली जाते. अशा खेळाडूने जादा मात्रा स्पर्धेच्या तोंडावर सुरू करू नये.