आधी नफा ठरवायचा, मग खर्च वाटायचा

मिठाच्या संपृक्त पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन वायू, कॉस्टिक सोड्याचे द्रावण आणि थोडासा हायड्रोजन अशा तीन गोष्टी एकदमच बाहेर पडतात. एक टन क्लोरीन काढला तर सुमारे १.१ टन कॉस्टिक सोडा आणि २८ किलो हायड्रोजन तयार होणारच. हे प्रमाण रसायनशास्त्राने बांधून दिलेले आहे, कारखानदाराला ते बदलता येत नाही. मग मीठ, वीज आणि मजुरीवर झालेल्या खर्चातला किती भाग क्लोरीनचा आणि किती सोड्याचा? या प्रश्नाला निसर्गाने दिलेले उत्तर नाही. तरीही वर्षअखेरीस टाकीत शिल्लक असलेल्या सोड्याचे मूल्य ताळेबंदात लिहावेच लागते, म्हणून वाटणी करावी लागते.

पदार्थ जिथे एकमेकांपासून वेगळे होतात त्या जागेला विभाजन बिंदू म्हणतात आणि तिथपर्यंतच्या खर्चाला संयुक्त खर्च. त्यापुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. क्लोरीन सुकवून, दाबाखाली आणून द्रवरूप करतात. सोड्याचे द्रावण आधुनिक कारखान्यात साधारण ३२ टक्के तीव्रतेचे मिळते, ते आटवून ५० टक्क्यांपर्यंत नेतात. पुढच्या प्रक्रियेचा हा खर्च कोणाचा, याबद्दल वाद नसतो. वाद फक्त संयुक्त खर्चाचा.

तो वाटण्याच्या एका पद्धतीला स्थिर ढोबळ नफा पद्धत म्हणतात. तिची चाल उलटी आहे. आधी खर्च वाटून मग नफा काढायचा, असे ती करत नाही. प्रत्येक पदार्थावर नफ्याची टक्केवारी सारखीच आहे असे ती आधीच धरून चालते आणि ती टक्केवारी जुळेल एवढाच संयुक्त खर्च प्रत्येकाच्या नावावर टाकते.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. चलन कोणतेही असो, आकडे लाखांत आहेत. एका काळात झालेल्या उत्पादनाचे अंतिम विक्रीमूल्य क्लोरीनचे ४०० आणि सोड्याचे ६००. पुढच्या प्रक्रियेचा खर्च क्लोरीनवर ४०, सोड्यावर २००. संयुक्त खर्च ५७०. हायड्रोजन सध्या बाजूला ठेवू.

सगळा कारखाना एकच धंदा मानला तर विक्री १००० आणि एकूण खर्च ८१०. म्हणजे ढोबळ नफा १९० किंवा १९ टक्के. आता हेच १९ टक्के दोघांना लावायचे. क्लोरीनच्या ४०० मधून ७६ नफा वगळला की ३२४ उरतात. हा क्लोरीनला परवडणारा सगळा खर्च. त्यातले ४० पुढच्या प्रक्रियेत गेले, तेव्हा संयुक्त खर्चाचा वाटा २८४. सोड्याच्या ६०० मधून ११४ वगळले की ४८६, त्यातून २०० वजा केले की २८६. दोन्ही वाट्यांची बेरीज ५७० आली पाहिजे, आणि ती येते. ती आली नाही तर कुठेतरी चूक झाली आहे हे लगेच कळते.

निव्वळ वसूलयोग्य मूल्याची पद्धत जास्त रूढ आहे. तिच्यात अंतिम मूल्यातून फक्त पुढचा खर्च वजा करतात, म्हणजे ३६० आणि ४००, आणि या प्रमाणात संयुक्त खर्च वाटतात. तसे केले तर क्लोरीनवर २७०, सोड्यावर ३०० येतात. नफा क्लोरीनवर २२.५ टक्के आणि सोड्यावर जेमतेम १६.७ टक्के दिसतो. असे का होते? या पद्धतीत पुढच्या प्रक्रियेवर खर्च केलेल्या पैशावर काहीच नफा धरलेला नसतो. सगळा नफा विभाजन बिंदूपर्यंतच्या कामाने मिळवला असे ती मानते. म्हणून ज्याच्यावर पुढे जास्त खर्च होतो तो सोडा गरीब दिसतो. स्थिर नफ्याची पद्धत पुढच्या खर्चालाही नफ्याचा वाटा देते. सोडा आटवण्याचे काम हाही त्याच धंद्याचा भाग आहे असे मानले, तर मला हे गृहीतक अधिक न्याय्य वाटते.

पण त्याची किंमत मोजावी लागते. इथे संयुक्त खर्चाबरोबर नफाही वाटला जातो, त्यामुळे ‘कोणता पदार्थ जास्त फायद्याचा’ हा प्रश्न या आकड्यांना विचारण्यात अर्थ नाही. उत्तर १९ टक्केच येणार, कारण तेच आधी आत घातले होते. शिवाय एका पदार्थाचा बाजारभाव हलला की दुसऱ्याची किंमतही हलते. समजा क्लोरीनचे मूल्य ४०० वरून ३०० वर आले. एकूण विक्री ९००, खर्च तेवढाच ८१०, नफा १० टक्के. आता क्लोरीनचा वाटा २३० वर उतरतो आणि सोड्याचा २८६ वरून ३४० वर चढतो. सोडा बनवण्यात काडीचाही फरक झालेला नाही, वीज तेवढीच लागली, तरी हिशेबात तो महागला.

हिशेबात नेहमी घडणारी एक चूक इथे सांगायला हवी. विक्रीमूल्य तयार झालेल्या सगळ्या मालाचे घ्यायचे असते, फक्त विकल्या गेलेल्या मालाचे नाही. वरच्या मूळ उदाहरणात निम्मा सोडा टाकीत पडून असताना त्याचे ३०० च धरले, तर मूल्य ७०० आणि खर्च ८१० होऊन चालू कारखान्यावर तोटा दिसू लागतो. नफा अचानक असा कोसळला की आधी हेच तपासावे.

आता हायड्रोजन परत आणू. तो शुद्ध करून, दाबून, नळकांड्यांत भरून विकला तर १०० मिळतात आणि या कामाला ९२ लागतात असे धरू. एकूण विक्री ११००, खर्च ९०२, नफा १९८, म्हणजे बरोबर १८ टक्के. हायड्रोजनला परवडणारा खर्च ८२, पण त्याच्यावर आधीच ९२ गेलेत. त्याच्या वाट्याला संयुक्त खर्च येतो उणे १०. क्लोरीनला २८८ आणि सोड्याला २९२ मिळतात, बेरीज ५७० जुळते, गणित चोख आहे. पण उणे खर्च म्हणजे दुसऱ्या दोघांनी हायड्रोजनचा टक्का राखायला पदरचे दहा दिले.

इथे अनेकजण चुकीचा निष्कर्ष काढतात की हायड्रोजन बंद करावा. तो हवेत सोडून देणे हाच पर्याय असेल तर विकणेच योग्य, कारण १०० मधून ९२ गेले तरी ८ हातात राहतात आणि एकूण नफा १९० वरून १९८ झाला आहे. टक्का घसरला, पैसा वाढला. उलट तोच वायू बाष्पक तापवायला जाळून १२ चे इंधन वाचत असेल तर भरून विकण्यात ४ चे नुकसान आहे. दोन्ही निर्णयांत ५७० च्या वाटणीचा संबंधच येत नाही, कारण तो खर्च विभाजन बिंदूच्या आधीच होऊन गेलेला असतो.

इतक्या छोट्या पदार्थासाठी आंतरराष्ट्रीय लेखा मानक क्रमांक २ मध्ये वेगळी सोय आहे. त्याला उपउत्पादन मानून त्याचे निव्वळ वसूलयोग्य मूल्य, इथे ८, मुख्य उत्पादनांच्या खर्चातून वजा करता येते. मग वाटायला ५६२ उरतात, ते फक्त क्लोरीन आणि सोड्यात विभागतात, आणि उणे आकडा पत्रकातून नाहीसा होतो.