दोन अधिकांच्या मधलं अंतर

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बीपीडी ७५ मि.मी., ३० आठवडे १ दिवस’ असं छापून आलं की बघणाऱ्याला वाटतं, मशीनने बाळाचं डोकं मोजलं. मशीन डोकं मोजत नाही. पडद्यावर डॉक्टरने अधिकाच्या दोन खुणा ठेवलेल्या असतात. त्यांना आम्ही कॅलिपर म्हणतो. मशीन त्या दोन खुणांमधलं अंतर काढतं आणि त्या अंतराशेजारी तक्त्यातला आठवडा लिहितं. खुणा चुकीच्या जागी असल्या तरी आकडा तितक्याच ठळक अक्षरांत छापला जातो. म्हणून नव्याने शिकायला आलेल्या रेसिडेंटला मी पहिले काही दिवस आकड्यांकडे बघूच देत नाही, आधी चित्र वाचायला लावते.

बीपीडी म्हणजे डोक्याची एका कानाच्या बाजूपासून दुसऱ्या कानाच्या बाजूपर्यंतची रुंदी. ती कुठल्याही पातळीवर मोजून चालत नाही. पडद्यावर डोक्याचा लांबट गोल हवा आणि त्याच्या मधोमध जाणारी रेघ दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर हवी. कपाळाच्या बाजूला या रेघेला एक छोटी चौकटीसारखी काळी पोकळी छेदते, तिला कॅव्हम म्हणतात. मध्यभागी रेघेच्या दोन्ही अंगांना थॅलॅमस या मेंदूच्या भागाचे दोन करडे गोळे दिसतात. मागच्या बाजूला लहान मेंदू दिसू लागला, तर पोटावर फिरवायचा प्रोब तिरका झालाय आणि काप मानेकडे घसरलाय असं समजायचं. अशा वेळी कॅलिपरला हात न लावता प्रोब हलवायचा.

काप बरोबर मिळाला की प्रश्न येतो अधिक नेमका कुठे ठेवायचा याचा. प्रचलित तक्त्यांपैकी बरेचसे ज्या पद्धतीवर बेतलेत, तिच्यात पहिली खूण प्रोबजवळच्या हाडाच्या बाहेरच्या कडेवर ठेवतात आणि दुसरी पलीकडच्या हाडाच्या आतल्या कडेवर. नवख्याला हे विचित्र वाटतं. एकीकडे बाहेरची कड आणि दुसरीकडे आतली, असं का?

उत्तर आवाजाच्या प्रवासात आहे. ध्वनिलहर शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जाते, आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला यावरून मशीन खोली ठरवतं. एक सेंटीमीटर खाली जाऊन परत यायला साधारण १३ मायक्रोसेकंद लागतात. हाडावर आपटलेला आवाज पडद्यावर पांढऱ्या पट्ट्यासारखा उमटतो. त्या पट्ट्याची वरची कड हा प्रतिध्वनी सुरू झाल्याचा क्षण असतो आणि ती बऱ्यापैकी पक्की असते. खालची कड मात्र गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवला की जाड होत पसरते. जवळच्या हाडाची बाहेरची कड आणि पलीकडच्या हाडाची आतली कड, या दोन्ही त्यांच्या पट्ट्यांच्या वरच्या कडा आहेत. दोन्हीकडे पक्की कड धरली की कुणी गेन जास्त ठेवला म्हणून बाळाचं डोकं मोठं होत नाही. काही नवे तक्ते बाहेरून बाहेर मोजलेल्या डोक्यांवरून तयार झालेत. तीही पद्धत चालते, पण मशीनमध्ये कुठला तक्ता लावलाय ते माहीत हवं.

आता एक उदाहरण घेऊ. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीनुसार ३२ आठवडे ५ दिवस भरलेली बाई, बाळ पायाळू. रेसिडेंटने दोन्ही खुणा बाहेरच्या कडांवर ठेवल्या आणि ७८ मि.मी. आले. मशीनने लिहिलं ३१ आठवडे २ दिवस. आमच्या मशीनमधला तक्ता मात्र बाहेरून आत मोजण्याचा होता. दुसरी खूण आतल्या कडेवर आणल्यावर ७५ मि.मी. झाले आणि वय ३० आठवडे १ दिवस दाखवलं. तीन मिलिमीटरांत आठवड्याहून जास्त फरक पडला. ‘मॅडम, आधीचंच तारखेच्या जवळ होतं की,’ रेसिडेंट म्हणाली. हा मोह मी ओळखते. चुकीची खूण उत्तराच्या जवळ नेते तेव्हा ती सोडवत नाही. पण जुळत नसलेला आकडाच इथे काहीतरी सांगत होता.

ते कळायला डोक्याची लांबी मोजावी लागते, म्हणजे कपाळापासून मागच्या हाडापर्यंतचं अंतर. ते बाहेरून बाहेर १११ मि.मी. भरलं. बाहेरून बाहेर रुंदी ७८ होतीच. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणलं की ७० येतं. सर्वसाधारण डोक्यात हा आकडा साधारण ७४ ते ८३ असतो. म्हणजे डोकं लहान नव्हतं, दोन्ही बाजूंनी चपटं आणि लांबट होतं. पायाळू बाळांत असं वरचेवर दिसतं. अशा डोक्याची फक्त रुंदी बघितली तर बाळ मागे पडलेलं वाटतं. परीघ मात्र आकाराने फारसा फसत नाही. बाहेरच्या दोन्ही मापांची बेरीज १८९, तिला १.५७ ने गुणलं की २९७ मि.मी. परीघ, आणि तक्त्यात त्याचं वय ३२ आठवडे ६ दिवस. तारखेशी बरोबर जुळलं. परिघाची रेघ हाडाच्या बाहेरच्या कडेवरून फिरवायची, टाळूच्या कातडीवरून नाही, एवढं मात्र सांभाळायचं. आणि परीघ जुळला नसता, तरी या महिन्यांत सोनोग्राफीवरून प्रसूतीची तारीख बदलायची नसते. तिसऱ्या तिमाहीत या मापांवरून काढलेलं वय दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतं.

लांबट डोकं दिसलं की मी बाळाभोवतीच्या पाण्याकडे जरा जास्त लक्ष देते, कारण पाणी कमी असलं की गर्भाशयाची भिंत डोक्याला दाबते आणि असाच आकार येतो. पाणी मोजायच्या दोन रीती आहेत. एकीत बेंबीतून जाणाऱ्या उभ्या-आडव्या रेषांनी पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या पाण्याच्या सर्वांत खोल कप्प्याची खोली मोजून बेरीज करतात. तो एएफआय, आणि तो ५ सेंटीमीटरपर्यंत किंवा त्याखाली आला की पाणी कमी धरतात. दुसरीत सगळ्यांत खोल एकच कप्पा घेतात. तो २ ते ८ सेंटीमीटर असला म्हणजे ठीक. दोन्हीत प्रोब जमिनीला काटकोनात धरायचा आणि माप सरळ खाली घ्यायचं. दोन सेंटीमीटर खोल पाण्याचा थर ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत मोजला, तर तो २.८ भरतो. उलट प्रोब जोरात दाबला की पाणी बाजूला सरकतं आणि कप्पा उथळ दिसतो.

रेसिडेंटने चार कप्पे मोजले: २.६, १.३, २.१ आणि ०.९. बेरीज ६.९, म्हणजे ठीक. तिसऱ्या कप्प्याचा काळेपणा मला जरा धुरकट वाटला. वाहतं रक्त रंगात दाखवणारं बटण दाबल्यावर तिथे लाल-निळे वेढे उजळले. तो पूर्ण कप्पा नाळेने भरलेला होता, तिथे मोजण्याजोगं पाणी उरलंच नाही. बेरीज ४.८ झाली, म्हणजे कमी. पण सर्वांत खोल कप्पा २.६ चा होता, त्यात नाळही नव्हती आणि बाळाचे हातपायही नव्हते, आणि तो मर्यादेच्या वर होता. दोन रीतींनी दोन उत्तरं दिली.

इथे मी खोल कप्प्याच्या बाजूने कौल देते. दोन्ही रीतींची तुलना करणाऱ्या चाचण्या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात एकत्र मांडल्यात. एएफआय वापरला की ‘पाणी कमी’ हे निदान जास्त वेळा होतं, कळा आणवणं आणि बाळ त्रासात आहे म्हणून होणारं सिझेरियनही वाढतं, पण बाळांची तब्येत त्यामुळे सुधारलेली दिसत नाही. शिवाय एएफआयची ५ ची रेषा ठरली ती काळ्या-करड्या चित्रावर. रंग लावून नाळ वगळत गेलं की बेरीज घटणारच.

त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये बीपीडी ७५ तसाच ठेवला आणि शेजारी लिहिलं, डोक्याचा आकार लांबट, परीघ तारखेप्रमाणे, बाळ पायाळू. पाण्यासाठी सर्वांत खोल कप्पा २.६ एवढंच लिहिलं. पोटाचा घेर आणि नाळेतला रक्तप्रवाह तपासून झालेला होता, दोन्ही ठीक होते. जेल पुसता पुसता बाईने विचारलं, ‘डोकं बारीक आहे का हो?’ रेसिडेंटने पडदा तिच्याकडे वळवला आणि लांबट गोलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, ‘बारीक नाही ताई, जरा लांबुळकं आहे. पायाळू आहे ना, म्हणून.’