सुपरट्रेंडची रेषा आली कुठून, आणि ३ चा गुणक काय घेतो

नाशिकमध्ये शेअर बाजाराचं काम करणाऱ्यांच्या बोलण्यात 'सुपरट्रेंडने बाय दिला' हे वाक्य दिवसातून कितीदा तरी येतं. रेषा हिरवी झाली की घ्यायचं, लाल झाली की विकायचं. हा इंडिकेटर ऑलिव्हिए सेबान या फ्रेंच ट्रेडरच्या नावावर आहे. पण त्यातला मुख्य विचार १९७८ सालचा आहे, आणि तो शेअर्ससाठी नव्हे, कमोडिटी वायद्यांसाठी मांडला गेला होता.

त्या वर्षी वेल्स विल्डर या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरने आपल्या पुस्तकात आरएसआय, पॅराबोलिक एसएआर आणि एडीएक्स या इंडिकेटर्ससोबत 'ट्रू रेंज' मांडली. दिवसाचा उच्चांक वजा नीचांक एवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं, कारण वायदे रात्रीतून गॅप देऊन उघडत. हे आपल्याकडे लासलगावच्या लिलावावरून चटकन कळतं. समजा काल शेवटची गाडी १५०० रुपये क्विंटलने गेली आणि आज कांदा दिवसभर १२५० ते १४०० मध्ये विकला गेला. आजची रेंज १५० दिसते, पण ज्याचा माल कालपासून पडून आहे त्याच्यासाठी भाव २५० ने हलला. ट्रू रेंज म्हणजे हे २५०. तिची सरासरी म्हणजे एटीआर.

त्याच पुस्तकातल्या 'व्होलॅटिलिटी सिस्टिम'मध्ये विल्डरने ७ दिवसांचा एटीआर घेतला, त्याला सुमारे ३ ने गुणलं आणि तेवढं अंतर तेजीतल्या सर्वांत वरच्या बंद भावापासून खाली मोजलं. भाव त्याखाली बंद झाला की सौदा उलटा करायचा. पुढे चक लबो यांचा 'शँडेलियर एक्झिट' आला. त्यात अंतर सर्वांत वरच्या उच्चांकापासून मोजतात, २२ दिवस आणि ३ एटीआर. सुपरट्रेंड हे अंतर त्या दिवसाच्या मध्यभावापासून, म्हणजे उच्चांक आणि नीचांक यांच्या निम्म्यापासून मोजतो. शिवाय तेजीतली रेषा फक्त वर सरकते, बंद भाव तिच्याखाली जाईपर्यंत ती मागे येत नाही. मंदीत याच्या उलट, रेषा भावाच्या वर असते आणि फक्त खाली सरकते. बहुतेक ठिकाणी पिरियड, म्हणजे एटीआरचे दिवस, १० आणि गुणक ३ हे आकडे आधीच भरलेले असतात, काही ठिकाणी ७ आणि ३.

या दोन आकड्यांपैकी पिरियडवर जेवढी चर्चा होते तेवढा त्याचा प्रभाव नाही. समजा एटीआर २० आहे आणि एका दिवशी ट्रू रेंज एकदम ६० आली. विल्डरच्या सरासरीने, म्हणजे जुन्या एटीआरचे नऊ भाग आणि नव्या ट्रू रेंजचा एक भाग धरून, १० च्या पिरियडला एटीआर २४ होतो, ७ ला साधारण २५.७ आणि २० ला २२. गुणक ३ असेल तर रेषेचं अंतर अनुक्रमे ७२, ७७ आणि ६६. एवढ्या मोठ्या दिवसानंतरही फरक ११ रुपयांचा. तेच गुणक ३ वरून २ केला की अंतर थेट ६० वरून ४० वर येतं. एक मात्र तपासून घ्यावं: तुमचं सॉफ्टवेअर विल्डरची सरासरी वापरतं की साधी. साध्या सरासरीत तो ६० चा दिवस दहा दिवसांनी एकदम गळून पडतो, विल्डरच्या सरासरीत हळूहळू विरतो. दोन प्लॅटफॉर्मवर एकाच शेअरची रेषा वेगळी दिसते, त्याचं एक कारण हे.

आता व्हिपसॉ, म्हणजे इशारा मिळून सौदा करावा आणि लगेच तो उलटावा. हिशेब सोपा राहावा म्हणून एटीआर २० वरच स्थिर धरू, गुणक ३, डिलिव्हरीचा सौदा, १०० शेअर. लाल रेषा १०५८ वर आहे. शेअर १०६२ ला बंद होतो, रेषा हिरवी होते, आपण घेतो. त्या दिवसाचा मध्यभाव १०५० असल्याने नवी रेषा ९९० ला. पुढच्या काही दिवसांत मध्यभाव जास्तीत जास्त १०६४ पर्यंत जातो, रेषा १००४ वर चढते. मग शेअर घसरून ९९८ ला बंद होतो, रेषा लाल, आपण विकतो. घसरणीत मध्यभाव ९९६ पर्यंत येतो, म्हणून वरची रेषा १०५६ ला बसते. आठवड्याभरात शेअर पुन्हा १०६० ला बंद होतो आणि पुन्हा खरेदीचा इशारा येतो.

शेअर जिथे होता तिथेच आहे आणि आपले ६४०० रुपये गेले, म्हणजे ६ टक्के. दोन्ही बाजूंचा ०.१ टक्के एसटीटी हा सौद्यावरचा कर साधारण २०६ रुपये, खरेदीवरची स्टॅम्प ड्युटी १६. याहून मोठा खर्च स्लिपेजचा असतो. इशारा बंद भावावर मिळतो आणि सौदा दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. दोन्ही वेळा ३ रुपये विरुद्ध गेले तरी आणखी ६०० गेले.

म्हणून गुणक कमी करावा, असं सहज वाटतं. पण दिशा नसलेल्या बाजारात भाव ठरावीक अंतर ओलांडायला जो वेळ घेतो, तो ढोबळमानाने त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुणक ३ वरून २ केला की रेषा सुमारे सव्वादोन पट वेळा उलटते. १ केला की नऊ पट. कर आणि स्लिपेज मात्र प्रत्येक वेळी तेवढेच लागतात. छोट्या गुणकावर तोटा हप्त्याहप्त्याने जातो म्हणून तो कमी भासतो, एवढंच.

मोठ्या गुणकाचीही किंमत आहे. तळापासून ३ एटीआर वर आल्यावर आपण शिरतो आणि शिखरापासून ३ एटीआर खाली आल्यावर निघतो. त्यामुळे ट्रेंड तळ ते शिखर किमान ६ एटीआरचा, इथे १२० रुपयांचा असला तरच हाती काही लागायला सुरुवात होते. मध्ये वरच्यासारखे तीन व्हिपसॉ बसले असतील तर त्यांचे १९२ भरून काढायला तोच ट्रेंड ३१२ रुपयांचा हवा, म्हणजे साडेपंधरा एटीआर. गुणक निवडताना मागच्या डेटावर सर्वांत जास्त नफा देणारा आकडा उचलण्यापेक्षा मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हा शेअर, या टाइमफ्रेमवर, एवढे लांब ट्रेंड देतो का? मागचा डेटा पाहायचाच असेल तर २.८ आणि ३.२ सुद्धा लावून पाहावेत. ३ ला भरघोस नफा आणि शेजाऱ्यांना तोटा असेल, तर तो आकडा एखाददुसऱ्या सौद्याच्या जोरावर उभा आहे.

आणि इथेच इतिहासातला एक दुवा निसटलेला दिसतो. विल्डरने त्याच पुस्तकात कमोडिटी सिलेक्शन इंडेक्स दिला होता. एडीएक्सवर आधारलेली दिशेची ताकद, एटीआर, मार्जिन आणि कमिशन हे सगळं घेऊन कोणत्या मालात ट्रेड करायचा ते तो ठरवायचा. आपल्यापर्यंत रेषा आली, निवड मागे राहिली. ट्रेंड न देणाऱ्या शेअरवर सुपरट्रेंड लावून गुणक बदलत बसणं हे तिथूनच सुरू होतं.

दुसरा दुवा १९८३ च्या सुमाराचा. रिचर्ड डेनिसने शिकवलेले 'टर्टल' ट्रेडर २० दिवसांच्या एटीआरला 'एन' म्हणत आणि सौद्याचा आकार त्यावरून ठरवत. वरच्या उदाहरणात १०६२ ला घेताना रेषा ९९० ला होती, म्हणजे धोका ७२ रुपयांचा. भांडवल ५ लाख असेल आणि एका सौद्यात १ टक्का, म्हणजे ५००० रुपयेच पणाला लावायचे असतील, तर १०० नाही, ६९ शेअर घ्यायचे. एटीआर ४० असता तर रेषा ९३० ला बसली असती, धोका १३२ झाला असता आणि संख्या ३७ वर आली असती. रात्रीच्या गॅपने रेषा ओलांडली तर तोटा याहून वाढतो, म्हणून तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी ही संख्या आणखी कमी ठेवावी.