लॉग टेबल आणि स्लाइड रूल: गुणाकाराची बेरीज कशी झाली

१०० ला १००० ने गुणायचं तर आपण शून्यं मोजतो: दोन आणि तीन, पाच. म्हणजे १,००,०००. गुणाकार करायचा होता, केली ती बेरीज. पण ही सोय फक्त दहाच्या पूर्ण घातांना. मधल्या संख्यांचं काय? ३४७.२ हा दहाचा कितवा घात, हे कुणी आधीच काढून ठेवलं असेल तर त्याच्याही गुणाकाराची बेरीज होईल. लॉग टेबल म्हणजे हे आधीच काढून ठेवलेले घात.

गरज होती खगोलशास्त्रज्ञांना. सात-आठ अंकी संख्यांचे गुणाकार हातानं करण्यात त्यांचे महिने जात. स्कॉटलंडमधल्या जॉन नेपियरनं जवळजवळ वीस वर्षं खपून १६१४ मध्ये पहिली कोष्टकं छापली. त्यात एक अडचण मात्र राहिली. त्याचे लॉग दहाच्या पायावर नव्हते, त्यामुळे संख्या दहापट केली की लॉगमध्ये एक आडनिडी रक्कम मिळवावी किंवा वजा करावी लागे.

लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात शिकवणारा हेन्री ब्रिग्ज हे पुस्तक वाचून १६१५ मध्ये थेट एडिनबरोला जाऊन नेपियरला भेटला. १ चा लॉग ० आणि १० चा लॉग १ धरावा, यावर दोघांचं एकमत झालं. माझ्या मते मूळ शोधाइतकंच मोल या दुरुस्तीचं आहे. कारण आता ३.४७२, ३४७.२ आणि ०.०३४७२ या तिन्हींना कोष्टकातली एकच नोंद पुरते. लॉगचा दशांश भाग, म्हणजे मँटिसा, फक्त अंकांवर ठरतो. दशांशचिन्ह कुठे आहे ते पूर्णांकी भाग, म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक, सांगतो आणि तो आपला आपण लिहायचा असतो.

ब्रिग्जनं मग हिशेबाला हात घातला. १० चं वर्गमूळ, त्याचं वर्गमूळ, असं ५४ वेळा. १६१७ मध्ये १ ते १००० चे लॉग निघाले, १६२४ पर्यंत तीस हजार संख्यांचे, चौदा दशांश स्थळांपर्यंत. मधली मोठी पोकळी डच आड्रियान व्लाकनं १६२८ मध्ये भरली, दहा स्थळांपर्यंत.

महाराष्ट्रात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपराला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. म्हणून एक गणित करूनच पाहू: ३४७.२ × ०.०५८६३.

३४ च्या ओळीत ७ च्या खाली ५४०३ आहे, मीन डिफरन्समध्ये २ खाली ३. बेरीज ५४०६. दशांशचिन्हाआधी तीन अंक, म्हणून कॅरॅक्टरिस्टिक २, लॉग २.५४०६. दुसऱ्या संख्येसाठी ५८ च्या ओळीत ६ खाली ७६७९, अधिक २, म्हणजे ७६८१. चिन्हानंतर एक शून्य, म्हणून कॅरॅक्टरिस्टिक बार २. बेरीज १.३०८७. अँटिलॉगमध्ये, म्हणजे लॉगवरून मूळ संख्या देणाऱ्या कोष्टकात, .३०८ समोर २०३२, ७ साठी अधिक ३. उत्तर २०.३५.

खरं उत्तर २०.३५६ आहे. चार अंकी कोष्टकात चौथ्या अंकावर डोळे झाकून विश्वास टाकू नये तो यासाठीच.

मोठी चूक होते ती बारमध्ये. बार २.७६८१ म्हणजे उणे दोन अधिक ०.७६८१, वजाचं चिन्ह फक्त दोनला. सगळंच ऋण धरलं तर बेरीज −०.२२७५ येते आणि उत्तर ०.५९२. अशी चूक पकडायला तोंडी अंदाज पुरतो: साडेतीनशेचे सहा टक्के वीस-एकवीसच्या आसपास हवेत.

स्लाइड रूलनं तर कॅरॅक्टरिस्टिक पुरतंच सोडून दिलं. एडमंड गुंटरनं १६२० मध्ये लॉग पट्टीवर आखले आणि अंतरं कंपासानं मोजली. १६२२ च्या सुमारास विल्यम ऑट्रेडनं तशा दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवल्या. २५ सेंटिमीटरच्या पट्टीवर १ पासून २ हा ७.५ सेंटिमीटरवर असतो, ३ हा ११.९ वर. सरकत्या पट्टीचा १ खालच्या २ वर ठेवा, तिच्या ३ खाली ६ येईल, १९.५ सेंटिमीटरवर, अंतरांची बेरीज झाली (शेवटचा अंक राउंडिंगमुळे). ४ × ७ करताना ७ पट्टीबाहेर जातो. तेव्हा डावीकडच्या १ ऐवजी उजव्या टोकाचा १० हा ४ वर ठेवायचा आणि ७ खाली २.८ वाचायचं. ते २८ की ०.२८, हे पट्टी सांगत नाही. वाचता येतात जेमतेम तीन अंक. आणि दोन संख्यांची साधी बेरीज या नेहमीच्या पट्ट्यांवर होत नाही!

तरीही इंजिनिअरांनी ती साडेतीन शतकं वापरली, दशांशचिन्ह डोक्यात ठेवून. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशातला कॅल्क्युलेटर आला. तो लॉगही काढायचा आणि चिन्ह कुठे पडतं तेही दाखवायचा. पुढच्या काही वर्षांतच स्लाइड रूलचे कारखाने बंद पडले.